केंद्रातून एक रेघ

गेल्या पावसाळ्यात आमच्या पोळपाटाचा एक पाय निखळला. पोळपाट आईच्या वेळचा, शिसवीचा. लाटून लाटून मधोमध किंचित खोलगट झालेला. टाकून द्यायला हात होईना, म्हणून गल्लीच्या टोकाला सुतारकाम करणारे मिस्त्री आहेत त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी तो उलटा करून मांडीवर घेतला, उरलेल्या दोन पायांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बाई, हे पाय कुणीतरी नजरेनं बसवलेत. मध्य धरलेला नाही. लाटताना एका अंगाला कलत असणार.” कलत होताच. त्या बाजूला जोर कमी द्यायचा, हे माझ्या हाताला इतकी वर्षं सवयीचं झालं होतं. “हे दोन्ही काढतो आणि तिन्ही नव्यानं बसवतो,” ते म्हणाले.

पाय निघाल्यावर पोळपाटाची उलटी, सपाट चकती तेवढी उरली. आता तिचा मध्य काढायचा. मला वाटलं, दोरा घेतील, घडी घालतील, काहीतरी मोजतील. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला गुण्या काढला. लोखंडी पट्टीचा, काळा पडलेला. त्याचा बाहेरचा कोपरा त्यांनी पोळपाटाच्या कडेवर बरोबर टेकवला आणि दोन्ही हात चकतीवर आडवे पडू दिले. ते हात पलीकडची कड जिथे ओलांडत होते तिथे पेन्सिलीनं एकेक खूण केली. गुण्या उचलला, दोन खुणांना पट्टी लावली, रेघ ओढली. चकती थोडी फिरवून पुन्हा तेच केलं. दोन रेघा जिथे कापल्या तिथे खिळ्याच्या टोकानं एक टोचा मारला. झालं, असं मला वाटलं; पण त्यांनी चकती पुन्हा फिरवली आणि तिसरी रेघ ओढली. ती त्याच टोच्यातून गेली.

“तिसरी कशाला?” मी विचारलं.

“गुण्या खोटा असला तर कळतं.”

घरी येऊन मी हिशेब करून पाहिला. चकतीची त्रिज्या 12 सेंटिमीटर धरली आणि गुण्या 90 ऐवजी 89 अंशांचा असला, तर प्रत्येक रेघ केंद्राच्या साधारण 2 मिलिमीटर बाजूनं जाते. दोन रेघा तरीही कुठेतरी कापतातच, त्यामुळे दोन रेघांवरून चूक दिसत नाही. तिसरी रेघ मात्र त्या छेदातून जायला तयार होत नाही, आणि मध्ये इवलासा त्रिकोण उरतो. मिस्त्रींना हे कुणी शिकवलं, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, “वडलांनी. कोपरा कडेवर टेकला की समोरची रेघ पोटातनं जाते.”

मी दहावीला भूमिती शिकवते. ‘अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो’ हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल याची गणती नाही. मिस्त्री त्याचाच व्यत्यास वापरत होते. आपण व्यासापासून निघतो आणि काटकोनाला पोचतो. ते काटकोनापासून निघून व्यासाला पोचत होते. पण दोघांच्याही खाली जी सिद्धता आहे ती एकच, आणि तिच्यात रेघ ओढायची ती एकच. त्या एका रेघेविषयी मला सांगायचं आहे.

आमच्या पुस्तकात हे प्रमेय अंतर्लिखित कोनाच्या प्रमेयाचं उपप्रमेय म्हणून येतं. अंतर्लिखित कोन त्यानं अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा असतो. अर्धवर्तुळाचं माप 180. म्हणून कोन 90. दोन ओळी. मुलं लिहितात, गुण मिळतात. त्यात चूक काहीच नाही. पण ती दोन ओळींची सिद्धता वाचून कुणाच्याही चेहऱ्यावर काही उमटलेलं मी पाहिलेलं नाही, कारण खरं कारण मागच्या पानावर, त्या मोठ्या प्रमेयाच्या पोटात राहून गेलेलं असतं. म्हणून मी आधी नववीच्या शिदोरीवर ते सिद्ध करून घेते. शिदोरी दोनच गोष्टींची: समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, आणि त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश असते.

फळ्यावर मोठ्या लाकडी कंपासनं वर्तुळ काढते. आडवा व्यास अब, मध्ये केंद्र म. वरच्या कंसावर कुठेतरी क. क पासून अ ला आणि ब ला रेघा जोडते. मग वर्गाला म्हणते, क पाशी काटकोन आहे हे दाखवा. वर्ग गप्प होतो, आणि गप्प होणं साहजिक आहे. समोर एक त्रिकोण आहे, त्याचा एकही कोन दिलेला नाही, एकाही बाजूची लांबी दिलेली नाही. हाताला धरायला काही नाही.

तेव्हा मी विचारते, क विषयी आपल्याला काय ठाऊक आहे? तो वर्तुळावर आहे. ही बातमी आपण आकृतीत कुठे मांडली आहे? कुठेच नाही. वर्तुळ पुसून टाकलं तर खाली जो त्रिकोण राहतो तो चारचौघांसारखा आहे. क वर्तुळावर होता हे त्याच्यावरून ओळखू येत नाही. मग ‘वर्तुळावर असणं’ म्हणजे नेमकं काय? केंद्रापासून त्रिज्येइतक्या अंतरावर असणं, याखेरीज त्याचा दुसरा अर्थच नाही. तर मग ते अंतर काढून दाखवा. कुणीतरी उठतं, म पासून क पर्यंत रेघ ओढतं, आणि सगळी आकृती बदलते.

मुलांना रचना नेहमी जादूसारखी वाटते. ही रेघ सुचली कशी, हा त्यांचा खरा प्रश्न असतो आणि पुस्तकात ‘रचना : रेख मक काढला’ एवढंच लिहिलेलं असतं. माझं म्हणणं असं की ही रेघ सुचावी लागत नाही. दिलेल्या गोष्टींतली जी गोष्ट अजून वापरली नाही, तिचंच ते चित्र आहे.

आता मअ, मब आणि मक या तिन्ही त्रिज्या, तिन्ही समान. मोठ्या त्रिकोणाचे दोन तुकडे झाले. डावीकडचा मअक, त्यात मअ आणि मक समान, म्हणून अ पाशी जेवढा कोन तेवढाच क च्या डाव्या भागात. उजवीकडचा मबक, त्यात मब आणि मक समान, म्हणून ब पाशी जेवढा कोन तेवढाच क च्या उजव्या भागात. त्या रेघेनं क चा कोपरा दोन भागांत वाटला, आणि एक भाग अ च्या मापाचा, दुसरा ब च्या मापाचा निघाला. म्हणजे क पाशी असलेला सबंध कोन हा अ आणि ब या दोन कोनांच्या बेरजेइतका आहे.

इथे मी खडू खाली ठेवते. अजून 90 हा आकडा आलेला नाही, 180 ही आलेला नाही. आलेलं आहे ते इतकंच की एका कोपऱ्यात बाकीचे दोन्ही कोपरे मावतात, न उरता, न कमी पडता. माझ्या मते प्रमेयाचा जीव इथे आहे. पुढची पायरी लहान आहे: तिन्ही कोन मिळून 180, त्यातला एक बाकीच्या दोघांइतका, म्हणजे तो एकूण बेरजेच्या निम्मा, म्हणजे 90.

एक उदाहरण घेते, कारण आकडे हातात आले की मुलं मोकळी होतात. अ पाशी 25 अंशांचा कोन आहे असं समजा. मग मकअ हाही 25. डाव्या तुकड्यात 50 खर्ची पडले, म्हणून केंद्राशी कोन अमक 130. त्याच्या शेजारचा, रेषेवरचा कोन बमक 50. उजव्या तुकड्यात 180 मधून 50 गेले, 130 उरले. ते दोन समान कोनांत वाटायचे, प्रत्येकी 65. तर क पाशी 25 आणि 65, मिळून 90. आता अ पाशी 10 घ्या, किंवा 71 घ्या, तेच करा. तीन-चारदा करून झालं की मुलांच्याच लक्षात येतं, की आपण दर वेळी केंद्राशी जाऊन परत येतो आणि केंद्राशी काय मिळालं याचा शेवटी काहीच उपयोग होत नाही. 130 आणि 50 काढायची गरजच नव्हती. 25 किती आहे हे कळायचीही नव्हती.

चूक कुठे होते तेही दर वर्षी ठरलेलं असतं. यंदा एका मुलानं उत्तर लिहिलं: मक हा अब वर लंब, म्हणून दोन्ही तुकड्यांत केंद्राशी 90, पायाशी 45-45, क पाशी 45 अधिक 45 बरोबर 90. हुशार मुलगा. त्याची वही पाहिली तर त्यानं क अगदी माथ्यावर, मधोमध काढला होता. तिथे मक लंब असतोच. त्यानं डोळ्यांना दिसलं ते खरं मानलं, आणि त्या एका जागेपुरतं ते खरं होतंही. मी त्याला काही न बोलता क उजवीकडे सरकवून दिला, ब च्या जवळ, दोन बोटं अंतरावर. “आता लंब आहे का?” नव्हता. त्याचे 45 गेले, केंद्रातले 90 गेले. पण डावा तुकडा समद्विभुज राहिला होता आणि उजवाही. तो बराच वेळ त्या दोन तुकड्यांकडे पाहत होता, एक लांबट, पसरट. दुसरा टोकदार, उभट. म्हणाला, “बाई, दोघं एकमेकांसारखे नाहीत, पण आपापल्यापुरते सारखे आहेत.” इतकं नेमकं वाक्य मला आजवर सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी वर्गात आकृती काढताना क कधीच माथ्यावर काढत नाही. देखणी, सममित आकृती भूमितीत फसवते. ती अशा गोष्टी सांगते ज्या दिलेल्या नसतात. सिद्धता खरी आहे की नाही हे पाहायचं असेल तर बिंदू सरकवून बघावा आणि कोणतं वाक्य मोडतं ते पाहावं.

आणखी सरकवला तर? क अगदी अ ला भिडायला आला, की कअ ही बाजू आखूड होत होत नाहीशी होऊ लागते, पण तिची दिशा नाहीशी होत नाही. ती अ पाशी वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या रेषेकडे झुकते. ब चा कोन शून्याकडे जातो, अ चा 90 कडे. शेवटच्या क्षणी त्रिकोण उरत नाही, आणि उरतो तो व्यास आणि स्पर्शिका यांच्यामधला काटकोन, म्हणजे पुस्तकातलं वेगळ्या पानावरचं वेगळं प्रमेय. याला मी सिद्धता म्हणत नाही. पण दोन पानं एकमेकांना लागून आहेत हे मुलांना दिसावं म्हणून दाखवते.

हे प्रमेय ग्रीकांनी मिलेटसच्या थेलीसच्या नावे सांगितलेलं आहे. थेलीस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावचा. त्याच्यानंतर आठ-नऊशे वर्षांनी डायोजेनीस लाएर्शियस या चरित्रकारानं लिहून ठेवलं, की पाम्फिला या विदुषीच्या सांगण्याप्रमाणे थेलीस इजिप्तमधल्या लोकांकडून भूमिती शिकला, वर्तुळात काटकोन त्रिकोण बसवणारा तो पहिला, आणि ते साधल्यावर त्यानं बैल बळी दिला. त्याच ठिकाणी तो असंही नोंदवतो की काही जण हे पायथागोरसचं मानतात. थेलीसनं स्वतः लिहिलेलं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही, त्यामुळे बैलाच्या गोष्टीवर मी फार भार टाकत नाही. मला दुसरी नोंद जास्त जवळची वाटते. प्रोक्लस हा पाचव्या शतकातला भाष्यकार सांगतो, की समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात हेही प्रथम थेलीसनं म्हटलं, फक्त ‘समान’ हा शब्द न वापरता जुन्या वळणानं त्यांना ‘सारखे’ म्हटलं. म्हणजे अर्धवर्तुळातला काटकोन आणि त्याला उघडणारी किल्ली, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर आहेत. सारखे! माझ्या विद्यार्थ्याचा शब्दही तोच.

लेखी सिद्धता आपल्याला मिळते ती युक्लिडकडे, इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराची. तिसऱ्या भागातलं 31 वं प्रमेय. आपलीच रेघ, आपलेच दोन समद्विभुज त्रिकोण, आणि क हा अ आणि ब मिळून होतो तिथपर्यंत आपलाच रस्ता. पण त्यानंतर तो 180 कडे जात नाही. तो बक ही बाजू क च्या पलीकडे वाढवतो. तिथे त्रिकोणाचा बाह्यकोन तयार होतो, आणि बाह्यकोन हा दूरच्या दोन आंतरकोनांच्या, म्हणजे अ आणि ब यांच्या बेरजेइतका असतो. आतला कोनही अ अधिक ब, बाहेरचाही अ अधिक ब. एका सरळ रेषेवर शेजारी शेजारी उभे असलेले दोन कोन समान निघाले. युक्लिडच्या पुस्तकात काटकोनाची व्याख्या हीच आहे: सरळ रेषेवर रेषा उभी राहिली आणि दोन्ही बाजूंचे कोन समान झाले, की त्यातला प्रत्येक काटकोन. अंश नाहीत, कोनमापक नाही, आकड्यांची बेरीज-वजाबाकीही नाही. एकदा मी वर्गात ही सिद्धता आकडे न वापरता लिहायला सांगितली, तेव्हा एका मुलीनं विचारलं, “मग 90 कुठून आले?” 90 आपण वर्तुळाचे 360 भाग पाडायचं ठरवलं म्हणून आले. काटकोन त्याच्या आधीचा आहे.

अॅरिस्टॉटलनंही हे प्रमेय उदाहरणादाखल वापरलं आहे, युक्लिडच्या आधी. ‘मेटाफिजिक्स’मध्ये त्याचा मजकूर फार त्रोटक आहे, पण त्यात तो तीन समान रेषा सांगतो: पायाचे दोन भाग आणि मध्यावर उभी केलेली रेषा. उभी, म्हणजे लंब. भाष्यकारांनी त्याचा अर्थ असाच लावला आहे की तो आधी माथ्यावरचा बिंदू घेतो, जिथे 45-45 होतात, आणि मग एकाच कंसावरचे सगळे अंतर्लिखित कोन समान असतात हे वापरून बाकीच्या जागांवर जातो. हे वाचलं तेव्हा मला तो माथ्यावरचा क आठवला आणि मी त्या मुलाला मुद्दाम बोलावून सांगितलं. त्याची वाट बंद नव्हती. तिला एक दुवा कमी पडत होता, आणि तो दुवा आमच्या पुस्तकात अजून यायचा होता.

मिस्त्रींच्या गुण्याकडे परत येते, कारण त्यांच्या ‘पोटातनं जाते’चा हिशेब अजून राहिला आहे. क चा बिंदू वर्तुळावर न ठेवता किंचित आत ढकलला तर काय होतं? मक आता त्रिज्येपेक्षा आखूड. डाव्या तुकड्यात मअ मोठी, मक लहान. मोठ्या बाजूसमोर मोठा कोन. मअ च्या समोर क चा डावा भाग येतो, मक च्या समोर अ. म्हणून क चा डावा भाग अ पेक्षा मोठा झाला, आणि तसाच उजवा भाग ब पेक्षा मोठा. सबंध क आता अ आणि ब यांच्या बेरजेपेक्षा मोठा, म्हणजे विशालकोन. बिंदू वर्तुळाबाहेर ओढला तर सगळं उलट होतं आणि कोन लघुकोन होतो. नवी रचना नाही, नवी रेघ नाही. तीच मक, फक्त जराशी आखूड किंवा जराशी लांब. काटकोन मिळतो तो नेमका कडेवर, आत नाही आणि बाहेरही नाही.

आता गुण्याचा कोपरा कडेवर, आणि हातांनी कड ओलांडली ते बिंदू अ आणि ब. अब चा मध्य घ्या. क पाशी काटकोन आहे, म्हणून आत्ताच पाहिल्याप्रमाणे क हा त्या मध्यापासून अ आणि ब इतक्याच अंतरावर असला पाहिजे. नसता तर कोन विशाल किंवा लघु झाला असता. म्हणजे हा मध्य अ, ब, क या तिघांपासून सारखा दूर. आणि हे तिन्ही बिंदू चकतीच्या कडेवर. वर्तुळावरच्या तीन बिंदूंपासून सारख्या अंतरावर असणारी जागा त्या चकतीत एकच असते, ती म्हणजे केंद्र. रेघ पोटातून जाते. कोपरा कडेच्या जरासा आत टेकवला गेला तर मात्र हा धागा तुटतो आणि रेघ केंद्र चुकवते. म्हणून तो टेकवताना मिस्त्रींनी मान वाकवून, एक डोळा मिटून, इतका वेळ घेतला होता.

पोळपाट दुसऱ्या दिवशी मिळाला. पालथा केला तर पेन्सिलीच्या तीन रेघा आणि मधला टोचा तसाच. त्या मी पुसलेल्या नाहीत.

सिद्धतेतला जो भाग मी पटकन ओलांडला, त्याविषयी बोलल्याशिवाय मात्र थांबता येत नाही. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180, हे आपण शिदोरीतून काढून वापरलं. ते कुठून आलं? त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढतात आणि व्युत्क्रम कोन समान असतात असं म्हणतात, तिथून. म्हणजे त्याच्या तळाशी युक्लिडचं समांतर रेषांविषयीचं गृहीतक आहे, आणि ते गृहीतक सपाट कागदाचं आहे. समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाला त्याची गरज नाही. तो त्रिकोण उचलून पालथा ठेवला तरी स्वतःवर बरोबर बसतो, एवढंच त्याला पुरतं. तेव्हा आपल्या प्रमेयाचे दोन भाग पडतात. ‘क म्हणजे अ आणि ब मिळून’ हा वर्तुळाचा भाग. ‘म्हणून काटकोन’ हा सपाटपणाचा भाग.

हे मला दाखवायचं होतं, म्हणून एका शनिवारी मी प्रयोगशाळेतला पृथ्वीगोल वर्गात आणला. गोलावर सरळ रेषा म्हणजे ताणून धरलेला दोरा जिथून जाईल ती वाट. उत्तर ध्रुव हे केंद्र म. त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं ते विषुववृत्त. त्यावरचा प्रत्येक बिंदू ध्रुवापासून सारखाच दूर. शून्य रेखांशावर, आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात, जिथे विषुववृत्त येतं तो अ. तिथून दोरा ध्रुवावरून पलीकडे 180 रेखांशावर उतरवला, पॅसिफिकमध्ये, तो ब. झाला व्यास. आणि क आमच्या साताऱ्याच्या सरळ खाली, 74 रेखांशावर, हिंदी महासागरात. तो माथ्यावर बिंदू काढणारा मुलगा पुढे आला. त्यानं ध्रुवापासून क पर्यंत दोरा लावला, आपली ती रेघ. मग क पासून अ पर्यंत दोरा ताणला. तो विषुववृत्तावरूनच गेला. क पासून ब पर्यंत, तोही विषुववृत्तावरूनच.

“अ पाशी किती?” मी विचारलं. रेखांश विषुववृत्ताला जिथे भेटतो तिथे काटकोन. 90. “ब पाशी?” तिथेही 90. “आणि क पाशी?”

तो क कडे पाहत राहिला. दोरा एका बाजूनं येत होता आणि न वळता दुसऱ्या बाजूला जात होता.

“बाई, कोपरा कुठाय? सरळच गेलं की.”

“सरळ म्हणजे किती?”

“180.” मग त्यानं ध्रुवाकडून आलेल्या दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवलं. डावीकडे 90, उजवीकडे 90. त्यानं मान वळवून अ कडे पाहिलं, गोल फिरवून ब कडे पाहिलं, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: क = अ + ब. त्याखाली ‘म्हणून’ असं लिहिलं, आणि पेन तिथेच धरून बसला.